तळघरातल्या पाण्याची ओटी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडिलांचा ट्रेडल मशीनचा छोटा छापखाना होता, आणि कोल्हापुरात ज्याला कुणाला कशाचा निषेध करायचा असेल तो आमच्याकडे यायचा. दूधवाले, शिक्षक, गिरणी कामगार, भाडेकरू, भाडेकरूंच्या विरोधातले घरमालक. सातव्या-आठव्या वर्षी मला ‘जाहीर’ हा शब्द ‘आई’ या शब्दाइतकाच ओळखीचा होता. कॉलेजात गेले तेव्हा वर्गातल्या मुली कविता लिहायच्या आणि मी पत्रकं लिहायची. अजूनही मला वाटतं, ज्या लिखाणानं कुणी चिडत नाही त्यासाठी शाई वाया घालवू नये. पण एका पत्राच्या बाबतीत मी तोंडावर आपटले, ते सांगायला हवं.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून रंकाळ्याच्या अंगाला एक फ्लॅट घेतला. आठ फ्लॅटची इमारत, आणि खाली तळघरात पार्किंग. आमच्या रस्त्यावर तेव्हा तळघर म्हणजे नवलच होतं. पाहुणे आले की वडील त्यांना आधी वर न नेता उतारावरून खाली न्यायचे, दिवा लावायचे आणि आपली एकुलती एक स्कूटर दाखवायचे. आठ घरांत मिळून चार स्कूटर आणि एक मोटार होती. बाकी जागेत आम्ही बॅडमिंटन खेळायचो.

दसऱ्याला ताबा घेतला. आषाढात खाली पाणी आलं.

पहिल्या दिवशी आलं ते उतारावरून, रस्त्यावरचं तांबडं पाणी. ते आम्ही बादल्यांनी उपसलं. नंतर आलं ते वेगळं होतं. ते मागच्या भिंतीच्या बुडाशी, जिथं भिंत फरशीला टेकते त्या सांध्यातून, गुपचूप वर यायचं. स्वच्छ, थंड, खालची फरशी दिसेल असं नितळ. पाऊस चार दिवस थांबला तरी ते थांबलं नाही.

“हे पावसाचं पाणी न्हवं, हे जमिनीतलं,” पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले. ते पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. राधानगरीच्या बाजूला त्यांची बरीच वर्षं गेली होती, आणि पाणी दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज यायचं. त्यांनी एक लाकडी पट्टी इंचाच्या खुणा करून खांबाला बांधली. रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते उतरायचे आणि जिन्यातून ओरडून आकडा सांगायचे.

“आज साडेनऊ!”

आवाजात इतका अभिमान असायचा, की एकदा पाणी अर्ध्या इंचानं उतरलं तेव्हा त्यांनी तो आकडा हळू आवाजात सांगितला.

जुनी माणसं सांगू लागली, की ही जागा मुळात पाणथळच. मे महिन्यातसुद्धा इथं म्हशी बसायच्या. म्हशींनाही ते आठवत असावं. कोपऱ्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारेचं दूध देणारा गवळी एका दुपारी आपल्या दोन म्हशी घेऊन चालला होता. त्यातली एक उतारासमोर थबकली, तिनं खाली पाहिलं आणि एखादी भाडेकरीण आपल्या खोलीत शिरावी तशी शांतपणे तळघरात जाऊन बसली. दुसरी तिच्या मागोमाग गेली. वडिलांची स्कूटर आणि त्या दोघी असं काही वेळ ते दृश्य होतं.

“काय ओ,” वडील गवळ्याला म्हणाले, “ही पार्किंगची जागा हाय.”

“मग पार्कच केल्यात की,” गवळी म्हणाला.

मग त्या रोजच येऊ लागल्या. इथवर सगळे हसत होते. पण महिन्याभरात खांबांचा गिलावा बुडातून फुगला, आणि एका खांबावर तांबूस ओघळ दिसला. काकांनी त्यावर बोट फिरवलं आणि त्यांचा अभिमान उतरला. “आतली सळई गंजायला लागली,” ते म्हणाले. “स्कूटरचं सोडा. आठ घरं ह्या खांबांवर हायत.”

सदनिकांचा कायदा मी वाचला होता. त्याच्यावरचं पत्रक आमच्याकडंच छापलं होतं. तेव्हाच्या नियमानं ताबा दिल्यापासून एका वर्षाच्या आत दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर शक्य तिथं त्यानं तो जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे आमच्याकडं पुढच्या दसऱ्यापर्यंतची मुदत होती. त्यानंतर खांब आमचे, पाणी आमचं आणि म्हशीही आमच्याच.

“पत्र मी लिहिते,” मी म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही, ही त्यांची चूक.

मी सात पानं लिहिली. सुरुवात निवाऱ्याच्या हक्कापासून केली. मग नफेखोरी, मग सिमेंटचा काळा बाजार, मग मध्यमवर्गाची झोप. पाचव्या पानावर तळघर आलं. ‘हे पाणी नव्हे, हा पिळवणुकीचा पाझर आहे’ हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी दोनदा घातलं. वडिलांनी रात्रपाळीला अक्षरांचे खिळे जुळवून ते छापलंच. हातानं लिहिलेलं पत्र पाठवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट छापली जाते. शंभर प्रती काढल्या. एक रजिस्टरनं बिल्डरला पाठवली, बाकीच्या चौकात वाटल्या.

पुरावा म्हणून काकांनी काढलेले तीन फोटो सोबत जोडले. पट्टीवरची पाण्याची पातळी त्यात स्वच्छ दिसत होती. काकांनी ते धुऊन आल्या आल्या लिफाफ्यात घातले. तिसऱ्या फोटोत पट्टीच्या मागं कोण आहे, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही. काका पट्टी बघत होते, मी माझी वाक्यं बघत होते.

बिल्डर स्वतः आला. धिप्पाड माणूस, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. वडिलांना नमस्कार केला, आईला “वहिनी” म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला.

“पत्र तुम्हीच लिव्हलं न्हवं, ताई? मी दोनदा वाचलं. आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचलं. काय भाषा हाय! माझ्या क्लार्कच्या डोळ्यात पाणी आलं.”

“तळघरातल्या पाण्याचं काय?” मी विचारलं.

“तेच इचारायचं हाय. ह्याच्यावर सही कुणाची हाय?”

मी पत्र उलटवलं. सातव्या पानाच्या शेवटी ठळक टाइपात होतं: समस्त त्रस्त रहिवासी. पत्रकाखाली असंच असतं. माणूस पुढं आला की त्याला पकडतात, म्हणून पत्रकावर माणसाचं नाव नसतं. हे मी लहानपणापासून शिकले होते.

“ह्या नावानं मी फ्लॅट इकलेला न्हाय,” बिल्डर म्हणाला. “करारनामा काढून बगा. आणि ताबा कवा घेतला, कुठल्या भिंतीतनं पाणी येतंय, काय करून पाहिजे, ह्यातलं काय बी न्हाय. काळा बाजार हाय, पर माझी बिल्डिंग कुठाय?”

मी सातही पानं चाळली. ताब्याची तारीख खरंच नव्हती. पृथ्वीवर जमिनीची मालकी कशी सुरू झाली ते होतं.

“आणि दुसरं,” त्यानं खिशातून तिसरा फोटो काढला आणि अलगद टेबलावर ठेवला. “वहिनी, ह्या तुम्हीच न्हवं?”

फोटोत काकांची पट्टी होती. पाणी साडेनऊ इंच. आणि पट्टीच्या मागं, मागच्या भिंतीच्या सांध्याजवळ, पदर खोचून, वाकून, आई पाण्यात खण-नारळ सोडत होती. हळदी-कुंकवाचा करंडा फरशीच्या कट्ट्यावर दिसत होता.

आईनं पाण्याची ओटी भरली होती.

“शुक्रवार होता,” आई म्हणाली. तिच्या आवाजात अपराधी असं काही नव्हतं. “घरात जिवंत पाणी आलं. तसंच बघत बसू?”

बिल्डरनं हात जोडले, फोटोलाच. “आता सांगा. ज्या पाण्याची सवाष्णीनं ओटी भरली, त्याला मी दोष कसा म्हणू? माझा मिस्त्री, माझी माणसं, सगळ्यांनी फोटो बघितला. एक माणूस त्या सांध्यावर छिन्नी मारायला तयार न्हाय. म्हणत्यात, मालक, भरल्या ओटीच्या पाण्याचं तोंड बुजवायचं न्हाय. मी म्हणतो, तिथं एक दिवळी बांधून देतो. संगमरवरी. माझ्या खर्चानं. दिवा लावा.”

“आम्हाला दिवळी नको, दुरुस्ती पाहिजे!” मी उठून उभी राहिले.

“ताई,” तो म्हणाला, “हे बी तुमच्या त्या सात पानांत लिव्हून देतासा का?” आणि पेढे ठेवून गेला.

बातमी त्याच्या ऑफिसातून बाहेर पडली ती थेट बाजारात. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या गल्लीतल्या पाच बायका कुंकवाची वाटी घेऊन उतारावर उभ्या होत्या. म्हशींना बाजूला सारून त्यांनी नारळ सोडले. काकांना पट्टी वाचायला पाण्यातून नारळ ढकलत जावं लागू लागलं. “साडेआठ,” ते ओरडायचे, “नारळ धरून नऊ!”

घरात माझा आणि आईचा वाद पेटला. माझं म्हणणं सरळ होतं. तिनं लिहून द्यावं, की ओटी भरणं ही अंधश्रद्धा होती, ती चूक झाली आणि पाणी हे फक्त पाणी आहे. सत्य आपल्या बाजूला आहे, तर ते बोलायला काय हरकत?

“मी न्हाय लिव्हून देणार,” आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली.

“आठ घरांचा प्रश्न आहे, आई.”

“तू शंभर कागद वाटलेस त्यात आठ घरांचं नाव तरी होतं का? माझ्या नारळाला कशाला नावं ठेवतेस?”

दोन दिवस आम्ही बोललो नाही. वडील मधल्यामध्ये दोघींचे निरोप पोचवायचे, तेही त्यांच्या व्यवसायाला शोभेल असे, म्हणजे एक अक्षर इकडचं तिकडं न करता. “तुझी आई म्हणते, जेवायला ये. ती म्हणते, की ती तुला बोलावत नाही, नुसतं सांगते.”

तिसऱ्या दिवशी आईनं मला हाक मारली. समोर वहीचा कागद होता.

“लिव्ह. मी सांगते. मधी तुझं काय घालू नकोस.”

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. वडिलांचं नाव, फ्लॅटचा क्रमांक, करारनाम्याची आणि ताब्याची तारीख. तळघरात मागच्या भिंतीच्या आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येतं, पाऊस थांबल्यावरही येतं. उतारावरून रस्त्याचं पाणी आत येतं, त्याला अडवायला गटार नाही. खांबांचा गिलावा फुगला, एका खांबाची सळई गंजते आहे. ताबा घेऊन वर्ष झालेलं नाही, तेव्हा हे तुमच्या खर्चानं दुरुस्त करून द्यावं. खाली वडिलांची सही, आणि मग एकेक करून उरलेल्या सातही घरांच्या.

काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “हे पत्र झालं.” मला ते वाक्य बरेच दिवस बोचत राहिलं.

रजिस्टरनं पाठवून नुसती पोच मिळाली असती. आम्हाला काम सुरू व्हायला हवं होतं, आणि दसऱ्याला आठवडा उरला होता. म्हणून आई, वडील आणि मी, तिघं बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथं त्याचा म्हातारा मिस्त्री हिशेबाला आला होता. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर रुमाल. त्याच्या तीन पिढ्या कोल्हापुरात दगड-चुन्याचं काम करत आलेल्या. क्लार्क मला बघून उभा राहिला. बहुतेक त्याला वाटलं, मी आणखी काही वाचून दाखवणार.

बिल्डरनं पत्र वाचलं. ह्या वेळी त्याला सहीवर बोट ठेवता येईना. मग त्यानं अपेक्षेप्रमाणं मान हलवली. “सगळं बराबर हाय वहिनी. पर ओटीचं काय? माझी माणसं हात लावत न्हाईत.”

“भाऊ,” आई म्हणाली, “तुम्हाला बहिणी हायत?”

“दोन. एक मलकापुरात दिली, एक कोडोलीला.”

“माहेरी आल्या की त्यांची ओटी कवा भरतासा? आल्या आल्या?”

बिल्डर उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला.

“न्हाय,” आईच म्हणाली. “जायला निघाल्या की भरतासा. ओटी भरली म्हणजे बाई, सुखानं जा. मी त्या पाण्याला जा म्हटलं. महिना झाला. तरी ती बिचारी जाईना. का जाईना? तर तुम्ही तिला जायला वाटच ठेवली न्हाय. चारी बाजूंनी भिंत. ओटीत नारळ घेऊन उभी हाय माझ्या तळघरात. आणि तुम्ही म्हणताय दिवळी बांधतो. बहीण जायला निघाली की तुम्ही दाराला कुलूप लावून तिथंच देवारा बांधतासा?”

बिल्डरनं मिस्त्रीकडं पाहिलं, साक्षीदाराकडं बघावं तसं.

“व्हय की, मालक,” मिस्त्री म्हणाला. “आमच्यात बी जातानाच भरत्यात.”

“तू गप की रं!”

“खरं ते बोललो. भैन हाय म्हटल्यावर दारातनं काढून द्याला पायजे, आदबीनं. वाट केली तर कुणाला पाप लागत न्हाई.” मग त्यानं रुमाल दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि हळूच पुढं म्हणाला, “आणि मालक, पाणी अडवाया भायेरनं त्या भिंतीला शहाबादी फरशी लावायची होती. पाऊस आला म्हणून तुम्ही माती लोटा म्हणालासा. मी तवाच बोललो होतो.”

वर्षभर कुणी न उच्चारलेलं वाक्य हे होतं. सात पानांत मी काळ्या बाजारापासून पृथ्वीपर्यंत सगळं लिहिलं होतं, पण ही फरशी मला माहीतच नव्हती. बिल्डरनं एकदा मिस्त्रीकडं, एकदा आईकडं पाहिलं आणि पेन उघडलं. आमच्याकडच्या प्रतीवर त्यानं लिहिलं: पत्र मिळाले. दिवाळीआधी काम सुरू करतो. खाली सही, तारीख, शिक्का. दसऱ्याला सहा दिवस होते.

दिवाळीच्या आधी मिस्त्री आला. आधी वाट केली, मगच तोंडाला हात लावला. त्या बाबतीत तो आणि आई एकाच मताचे होते. भिंतीकडेनं फरशीत बारीक गटार खोदलं, कोपऱ्यात खड्डा घेतला आणि त्यात मोटर बसवली. उताराच्या तोंडाशी उंचवटा केला आणि आडवं गटार काढून त्यावर लोखंडी जाळी टाकली. मग सांध्यावर ओळीनं भोकं पाडून त्यात नळ्या बसवल्या आणि हातपंपानं सिमेंटचं पातळ पाणी दाबून भरलं. एका नळीत भरलं की शेजारच्या नळीतून बाहेर यायचं, तेव्हा मिस्त्री “भरलं” म्हणायचा. बाहेरची माती उकरून फरशी लावणं आता शक्य नव्हतं, शेजाऱ्याची भिंत आली होती. खांबांचा फुगलेला गिलावा उतरवून, सळया घासून पुन्हा गिलावा केला.

मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आई खाली आली. तिनं दहीभाताचा लहानसा मुटका खड्ड्याजवळ ठेवला. पाणी पाइपातून वर गेलं आणि रस्त्याकडेच्या गटारातून वाहू लागलं. मिस्त्रीनं नकळत डोक्यावरचा रुमाल सारखा केला. काकांनी पट्टी सोडवली आणि कितीतरी वेळ ती हातात धरून उभे राहिले. म्हशी दोन दिवस उतारावर येऊन कोरडी फरशी बघून गेल्या.

मी विचारांनी बदलले नाही. पाणी हे फक्त पाणी आहे, आणि बिल्डर हलला तो कायद्याची मुदत जिवंत होती म्हणून, हे मी आजही छातीठोक सांगेन. आई म्हणते, “व्हय, व्हय,” आणि पोळी लाटते.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या खड्ड्यात थोडं पाणी आलं. मोटर रोज दहा मिनिटं चालली आणि काकांनी पट्टी त्या खड्ड्यात लावून घेतली. श्रावणात एका सकाळी बिल्डर पुन्हा दारात. पुन्हा पेढे.

“वहिनी, एक इनंती हाय. तिकडं माझी दुसरी बिल्डिंग हाय, तिच्या बी तळघरात पाणी आलंय. लोक लई तक्रार करत्यात. तुम्ही गाडीतनं चला, ओटी भरून तिला निरोप द्या. साडी माझ्याकडनं.”

“वाट केली का?”

“ते... आधी निरोप देऊन तर बघू.”

“आधी वाट करा, भाऊ,” आई म्हणाली आणि त्याला चहा दिला.

तो गेल्यावर मी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. संध्याकाळी छापखान्यात आम्ही आईचं पत्र खिळ्यांत जुळवलं. नाव, फ्लॅट क्रमांक, ताब्याची तारीख आणि सही, यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. वर मथळा द्यायचा मला फार मोह झाला. वडील शाईचा रूळ हातात घेऊन थांबले होते. मी मथळा दिला नाही. पन्नास प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या बिल्डिंगीत घरोघर दिल्या. प्रत्येक दारात मी एकच प्रश्न विचारत होते, तुम्हाला ताबा मिळून वर्ष झालं का.